शुक्रवारचा श्वास

५ जानेवारी, रविवार
लग्न होऊन आज टेमघरच्या घरी आले. तळमजल्यावर सासऱ्यांच्या वेळेपासूनचे चोवीस लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, वर आम्ही तिघं: धनेश, आई म्हणजे माझ्या सासूबाई हौसा, आणि मी. लूम रात्रंदिवस चालतात. खोलीची फरशी सतत थरथरते, पेल्यातलं पाणीही. धनेशला वाटत होतं मी वैतागेन. मला उलट बरं वाटलं. मी मानकोलीच्या औषधांच्या गोदामात तापमानाचे सेन्सर तपासते, दिवसभर कंप्रेसरच्या आवाजात असते. आईंनी माझ्यासाठी भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी राखून ठेवली होती. धनेशने बाल्कनीत दोन खुर्च्या आणून मांडल्या. छान झोप लागली.

११ जानेवारी, शनिवार
शुक्रवारी लूम बंद असतात. त्या रात्री घरातलं कोणीही इथे झोपत नाही, सगळे मानकोलीला धनेशच्या आत्याकडे जातात. रिवाज आहे, एवढंच धनेश म्हणाला. त्यामुळे काल पहिल्यांदा नवऱ्याचं घोरणं ऐकलं. पाच रात्री शेजारी झोपून मला पत्ता नव्हता, लूमनी ते झाकलं होतं.
घोरण्याचं मला काही वाटलं नसतं. पण ते वाढत जातं आणि मध्येच तुटतं. मग काहीच नाही. छाती-पोट वरखाली ओढलं जातं, हवा मात्र आत जात नाही. बराच वेळ. मग तो बुडता बुडता वर आल्यासारखा दचकून श्वास घेतो, कूस बदलतो, पुन्हा सुरू. सकाळी त्याला यातलं काही आठवत नव्हतं. डोकं मात्र दुखत होतं. आत्या हसून म्हणाल्या, त्याचा बापूस असाच घोरायचा.

१५ जानेवारी, बुधवार
अंजूरफाट्याच्या सिग्नलला धनेशला बाइकवर डुलकी लागली. मागे मी होते.
आता मला रात्री झोप येत नाही. लूमच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून त्याच्या छातीवर हात ठेवून पडते. काल रागाने त्याला कोपर मारलं. तो खाली बघून म्हणाला की तो बाहेर झोपेल. आम्ही बसून ठरवलं: कोपर मारायचं नाही, खांद्याला हात लावून कुशीवर वळवायचं. चारचौघांत त्यावर विनोद नाहीत. रात्री बिअर नाही. मला फारच झोप हवी असेल तेव्हा मी शेजारच्या खोलीत जाईन, पण आधी दोघं एकत्र पडून थोडं बोलायचं, फोन बाजूला ठेवून. हे शेवटचं त्याने सुचवलं.

२१ जानेवारी, मंगळवार
शनिवारी ठाण्याच्या डॉक्टरांनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बंद होते. रक्तातला ऑक्सिजन उतरला की मेंदू जागं करतो. रात्रभर हेच. तपासणी घरीच होते: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर, गळ्याशी छोटा माइक. काल केली, पण लूममुळे माइकची नोंद वाया गेली. शांतता हवी. आत्याकडे सगळे एकाच खोलीत झोपतात, इतरांचे आवाज मिसळतील. मी ठरवलं, येत्या शुक्रवारी आम्ही इथेच झोपू.
आई एरवी मला अडवत नाहीत. आज भांडं खाली ठेवून म्हणाल्या, "शुक्करवारी हितं झोपाचा न्हाय, पूर्वी. मशीन कवापन लाव, शुक्करवारी नको." कारण विचारलं तर उठून गेल्या. सासरे हिरामण झोपेतच गेले होते, शुक्रवारीच, हे धनेशने नंतर सांगितलं. मला ते घोरण्याच्या आजाराचंच पुढचं टोक वाटलं. म्हणूनच तपासणी लवकर हवी.

२५ जानेवारी, शनिवार
माझा आवाज नोंदीत मिसळू नये म्हणून काल मी शेजारच्या खोलीत, दार लावून झोपले. आई एकट्याच मानकोलीला गेल्या.
सकाळी नोंद पाहिली. श्वास थांबतो तिथे नाकाच्या नळीत हवा शून्य, पट्टा ओढाताण दाखवतो, ऑक्सिजन उतरतो. अपेक्षित.
माइकमध्ये मात्र त्याच रिकाम्या जागेत कोणीतरी श्वास घेतं. संथ, खोल, घाई नसलेला. धनेशचा श्वास परत आला की तो थांबतो. दर वेळी.
पंखा बंद होता. खिडकी बंद होती. मी भिंतीपलीकडे होते. तीन वेळा ऐकलं.

२६ जानेवारी, रविवार
आईंना ऐकवलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन पालथा ठेवला. मग हळू आवाजात सांगितलं. "ह्या घरात कोनतरी हाय. लूम चालू हाय तवर त्याला आपला दम ऐकू येत न्हाय. लूम गप झालं का तो ऐकतो. आपला थांबला का त्या जागंत तो घेतो." आता त्याने आम्हाला ऐकलं आहे, असं त्या म्हणाल्या.
मी विश्वास ठेवला नाही. डॉक्टरांना फक्त आकडे पाठवले. तीव्र प्रकार आहे, मशीन लगेच सुरू करा, असं त्यांनी कळवलं.

३० जानेवारी, गुरुवार
परवा मशीन आलं. नाकावरच्या मास्कमधून हवेचा हलका दाब येतो आणि घशाची वाट उघडी ठेवतो. पहिल्या रात्री मास्क कडेने गळत होता, पट्टे सैल करून पुन्हा बसवले. दुसऱ्या रात्री एकही खंड नाही. धनेश सकाळी गाणं गुणगुणत होता. आज मास्क लावण्याआधी आम्ही बराच वेळ बोलत पडलो. त्याला मास्कच्या नळीच्या सोंडेवरून चिडवलं. चारचौघांत नाही, म्हणून चालतं.
रिकामी जागा उरलीच नाही. मग तो कुठे —
असं लिहायला नको.

२ फेब्रुवारी, रविवार
धनेश म्हणाला, आता झोपेत तुझा श्वास थांबतो.
मी घोरत नाही. माझा गळा बारीक, वजन कमी. तरी ऑक्सिमीटर लावून झोपले. लूम चालू असताना. ऑक्सिजन त्याच्याहून खाली गेला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
छातीचा पट्टाही लावला. धनेशची छाती निदान धडपडायची. माझा पट्टा सरळ रेघ. घसा बंद होत नाही. मी श्वास घ्यायचा प्रयत्नच करत नाही. माझ्या वाटचा कोणीतरी —
डॉक्टरांची वेळ सोमवारची.

६ फेब्रुवारी, गुरुवार
झोपत नाही. धनेश जागून माझ्या खांद्याला हात लावतो. कोपर मारत नाही. आळीपाळीने जागतो आहोत.
संध्याकाळी वाईट विचार आला. मशीन बंद केलं तर तो परत धनेशच्या जागेत जाईल, मी सुटेन. धनेशला सांगून टाकलं. तो रागावला नाही. जवळ घेतलं. मग आईंकडे जाऊन बराच वेळ बसला. काय बोलले, सांगत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मानकोलीला निघालो होतो. उठून उभी राहिले आणि पडले. आत्याकडे नेलं तरी तो मागे येईल, आई म्हणाल्या. म्हणून इथेच थांबलो. उद्या सकाळीच हॉस्पिटलला जायचं.
लूम बंद. धनेश म्हणाला, "मी जागा आहे. तू झोप ना गं." माझा हात छातीवर ठेवून घेतला.

रात्री
खूप छान झोपले. किती दिवसांनी. पोटभर श्वास.
खोलीत हवेची शीळ. मशीनची. मास्क उशीजवळ पडला आहे, पट्टे नीट सोडवलेले. घाईत निघालेला नाही. धनेशने स्वतःच काढला, मी सुटावं म्हणून.
उताणा झोपला आहे. मुद्दाम. डोक्याखालची उशीही काढली —

आईंना हाक मारली. ॲम्ब्युलन्सला फोन केला, त्या खाली तिची वाट बघतायत. त्याला कुशीवर केलं. मास्क लावला. हवा जाते आहे. छाती हलत नाही. माझा डावा हात त्याच्या छातीवर आहे. उजव्या हाताने लिहिते, नाहीतर ओरडेन.
धनेश, घे ना.

श्वास आला.
छाती हलली नाही. आवाज त्याच्याकडून नाही, माझ्या मागून — संथ — तो आता थांबतच नाही, दोघांच्याही जागेत —