बुधरी उठत नाही

२९ ऑक्टोबर
"हिरोईन काहीच करत नाई, वहिनी. लोकं उठून जातीन." आमचे दिग्दर्शक गोपालभाऊ! पहिल्याच वाचनाला हा दणका.

यंदा मंडईत, दिवाळीनंतरच्या आमच्या गावजत्रेत, माझं नाटक आहे. माझं!! पण पुढच्या बुधवारपर्यंत बुधरी जमली नाही, तर दिग्दर्शकसाहेब त्यांचं जुनं दरोडेखोराचं नाटक काढणार. बुधरी म्हणजे माझी नायिका. तिचा भाऊ तिची शिलाई मशीन आपल्या साळ्याला देऊन टाकायला निघतो, आणि ही म्हणते, "बरं." पुढच्या अंकातही "बरं." मी तरी काय करू, ती आहेच तशी.

लेखक म्हणून भोंग्यावर गोपालभाऊंचं नाव जाणार. "चालते ना, वहिनी?" त्यांनी विचारलं. मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

३० ऑक्टोबर
बुधरीला दीड पानाचं स्वगत दिलं. बुधरी करणारी चंचल जीव तोडून रडली, पोरगी गुणी आहे. पेटीवाल्याने जांभई दिली. पान फाडलं.

१ नोव्हेंबर
तांदूळ निवडता निवडता सापडलं. चूक तिच्या गप्प बसण्यात नाहीच. तिला काय हवंय हे लोकांना ठाऊकच नाही, तर तिच्या "बरं"ची किंमत त्यांना कशी कळणार?

म्हणून सुरुवातीलाच नवा प्रवेश लिहिला. घरात कोणी नाही. बुधरी शेजारच्या पोरीचं झबलं शिवतेय, गाणं म्हणतेय, चुकीचं म्हणतेय, हसतेय. बस. आता मशीनला कोणी हात लावला की लोकांनाच टोचेल.

आणि प्रत्येक "बरं"ने काहीतरी जायला हवं. पहिल्याने मशीन कोपऱ्यात. दुसऱ्याने तिच्यावर धानाची पोती. तिसऱ्याने मशीन दाराशी. भाऊ वाईट नाही, दरवेळी विचारतो, "चालते ना वं?" ती "बरं" म्हणते, मनातलं सांगत नाही. तो होकार समजतो आणि साळ्याला शब्द देऊन बसतो. म्हणजे गोष्ट पुढे रेटते कोण? तीच, न बोलून! आनंदाच्या भरात भात करपवला. सासूबाई म्हणाल्या, "नाटकात काय शिजते ते शिजू दे, पन आमाले जेवाले दे."

४ नोव्हेंबर
तालमीला मशीन मिळाली नाही. जिची मागितली होती तिने ऐनवेळी दिली नाही. चंचल नुसतीच स्टुलावर बसली. भाऊ बोलत होता, नाटकातली वहिनी बोलत होती, ही गप्प. आणि तिचा पाय खाली हलत होता. पायडल नसताना! पेटीवाल्याचा हात थांबला. सगळे त्या पायाकडे पाहत होते.

"पाय काऊन हलवून राह्यली?" मी विचारलं.
"मले मालूमच नाई, वहिनी. सवय."

नाटकात ठेवलं. मशीन दाराशी गेल्यावरही पाय चालू राहणार.

५ नोव्हेंबर
गोपालभाऊ विरघळले. पण शेवटी तिने ओरडायलाच हवं म्हणे. मी म्हटलं, नको. साळा मशीन न्यायला येतो, ही दारातच स्टुलावर बसलेली, भाऊ म्हणतो, "ऊठ वं." ती उठत नाही. एवढंच. आजवर लोक म्हणतील तसं केलं, आज फक्त तेवढं करत नाही.

गोपालभाऊंनी दाढी खाजवली. मग म्हणाले, "चाला, घेऊ."

१० नोव्हेंबर
काल झालं! अजून कानात तेच आहे. लोक उठून गेले नाहीत. दुसऱ्या "बरं"नंतर बायका चुळबुळायला लागल्या. तिसऱ्याला एक म्हातारी भावाला शिव्या घालायला लागली. "ऊठ वं" आलं. चंचल उठली नाही. पाय चालू. तेवढ्यात पुढच्या रांगेतून आवाज, "बोल ना वं पोरी!" माझ्या सासूबाई! मग सगळ्याच बायका, "बोल ना वं, बोल ना वं!" बुधरीने करायचं ते मंडपाने केलं. मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसत होते, रडतही होते.

आज सकाळी सासूबाईंना चिडवलं, "नाटकात मधेच ओरडता?"

लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "मी चंचलले नाई म्हटलं. पडद्याआड उभी दिसत होती ना तू, तुले म्हटलं. सुरुवातीले भोंगा त्या गोपालचं नाव घेऊन राह्यला होता, तवापासून तुया पाय हलून राह्यला होता."

११ नोव्हेंबर
गोपालभाऊंकडे गेले. दारातच म्हटलं, "नाव माझं हवं."

"मंग म्हनाचं ना! मी इचारलं, तुमी चूप. मले वाटलं, चालते."

माझाच संवाद, मलाच. दोघंही हसत सुटलो.

१६ नोव्हेंबर
पलीकडच्या गावात दुसरा प्रयोग. गोपालभाऊंनी माईक माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा, कोन लिवलं."

मोनाली सुनिल बोरकुटे. भोंगा चार शेतं ओलांडून गेला म्हणतात.