पाठवणाऱ्याचा दोष

६ जानेवारी, सोमवार

ज्योतीराम ते वाक्य म्हणतच नाही! तो फोरमन झालाय; तिसऱ्या अंकात मुलाच्या प्रेताशी बसून ‘त्याला मी पाठवलं’ म्हणायचं. हा म्हणतो, ‘नशिबानं नेलं.’ चार वेळा तेच. नागसेन वैतागला. नाटक त्यानं लिहिलंय, चाकणला पहिली पाळी करून. “काका, नशिबानंच नेलं तर मी तीन अंक कशाला लिहिले? एका पानात भागलं असतं की!” सगळे हसले. ज्योतीराम नाही.

कामगार नाट्यस्पर्धा एकोणीसला. नागसेन माझाच जुना विद्यार्थी. तो मला तालमी घ्यायला बोलावतो, निवृत्तीनंतर याचं फार अप्रूप वाटतं.

८ जानेवारी

आज मुलाचं काम करणाऱ्या बंटीनं वाद घातला. नाटकात फोरमनला कुणी भविष्य सांगतं, पोराला आगीपासून जपा. तो घाबरून मुलाला भट्टीवरून पेंटशॉपला हलवतो. तिथला थिनरची वाफ ओढणारा पंखा बंद! कामगार तीनदा सांगतात. हा गुरकावतो, “फोरमन कोण? तू का मी?” मग ठिणगी पडते.

बंटी म्हणाला, “मॅडम, लिहिलेलंच होतं ना? कुठंही ठेवला असता तरी गेलाच असता.”

सिस्टर ॲग्नेस आठवल्या. कॉन्व्हेंटचा तो उंच फळा, त्यांच्या बाहीवरचा खडू. शोकांतिका शिकवताना त्या फळ्यावरची एकेक गोष्ट पुसायच्या. मीही तेच केलं. भविष्य पुसा — मुलगा भट्टीवरच राहतो. पंखा दुरुस्त करा — फोरमन गर्विष्ठ असूनही काही घडत नाही. गर्व पुसा — पंखा वेळेत दुरुस्त होतो. म्हणजे नशीब एकटं पुरत नाही, स्वभावही एकटा पुरत नाही. भविष्यात फक्त आग होती. पेंटशॉप नव्हतं, बंद पंखा नव्हता. ते दार माणसांनी उघडलं.

“मग फिफ्टी-फिफ्टी?” बंटी.

नाही रे. वजन करायचं नसतं, विचारायचं असतं. त्याला माहीत होतं का? दुसरी वाट होती का?

ज्योतीराम चहा न घेता निघून गेला.

११ जानेवारी

झोप नीट नाही. दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतः?

विलासला जाऊन आज बारा वर्षं. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या शाळेतल्या मुलांचं नाटक होतं. आदल्या दिवशी मी हट्ट धरला — दुसरी पाळी बदलून घे, या वेळी तरी ये! तो हसला, “बघतो.” आणि पहाटे पहिल्या पाळीला निघाला. धुकं. रस्त्यावर दिवे न लावता उभा केलेला कंटेनर. सासूबाई म्हणाल्या, लिहिलं होतं. मी मान डोलावली. आत मात्र रोज तेच — त्याला मी पाठवलं.

ज्योतीराम त्याच्याच खात्यातला. ते वाक्य त्याला जड जातं. मला ऐकायला जातं तसंच.

१४ जानेवारी

तिळगूळ वाटून तालीम. ज्योतीराम अखेर बोलला, “वहिनी, पोराच्या मायेनं हलवलं त्यानं. माया हा गुन्हा हाय का?”

बरोबर आहे त्याचं! पाठवलं तेव्हा फोरमनला पंख्याचं माहीतच नव्हतं. त्याचा दोष पुढे आहे, तीनदा सांगूनही न ऐकण्यात. आपण इतके दिवस चुकीच्या जागी बोट ठेवत होतो. नागसेननं तिथंच वाक्य बदललं: ‘पाठवलं मायेनं. ऐकलं नाही, ती चूक माझी.’

ज्योतीरामनं एका दमात म्हटलं.

घरी येताना रहाटणीच्या चौकात उभी राहिले. मला कंटेनरचं माहीत होतं का? नाही. कुणी सांगितलं आणि मी ऐकलं नाही, असं झालं का? नाही! इतकं साधं. बारा वर्षं लागली.

१९ जानेवारी

प्रयोग झाला. दुसरा क्रमांक. ज्योतीराम पडद्यामागे बसून रडत होता. वाटलं, भूमिकेतून बाहेर येत असेल.

२० जानेवारी

सकाळी ज्योतीराम दारात. बसलाच नाही. “वहिनी, त्या दिवशीची पहिली पाळी माझी व्हती. बायकोला दवाखान्यात न्यायचं व्हतं. विलासभाऊंना तीन दिवस आधीच इचारलं. त्यांनी लगेच पाळी बदलायच्या चिठ्ठीवर सही केली. तुमच्याकडं बघवत नव्हतं मला.”

मी त्याला हाताला धरून बसवलं. “कंटेनरचे दिवे तू विझवले होतेस का रे?” तो मान हलवत राहिला. नाही, नाही.

तो गेल्यावर हिशेब लागला. म्हणजे मी हट्ट धरला तेव्हा विलासची संध्याकाळ आधीच मोकळी होती! आणि तरी म्हणाला, “बघतो.” लबाड! माझ्यावर उपकार केल्यासारखं दाखवत होता!

किती दिवसांनी त्याच्यावर रागावले.