बोटांना दिसणारी तिरकी

प्रिय ताई,

पत्रासोबत एक पुडकं आहे. ते आत्ता उघडू नकोस. पत्र संपलं की उघड. तुझा उतावळा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून सूनबाईंनाच सांगते: बाई गं, ते पुडकं पत्र वाचून होईपर्यंत तुझ्या मांडीखाली दाबून ठेव.

मागच्या वेळी फोनवर तू म्हणालीस की आता मी कोणाच्या उपयोगाची राहिले नाही, दोन वेळा जेवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. एवढं बोलून तू फोन ठेवलास. आपल्या घरात सगळ्यात जास्त तोंड माझंच चालतं, आणि नेमकं त्या दिवशी ते बंद पडलं. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. पण आधी तुला मागच्या आठवड्यातल्या एका संध्याकाळची गंमत सांगते, कारण तू इथे असतीस तर त्यावर आपण दोघी आठवडाभर हसलो असतो.

आपल्या गल्लीतल्या वायरमनची धाकटी आठवते ना? लहानपणी इतकी रडायची की तूच तिचं नाव भोंगा ठेवलं होतंस. तर भोंगा आता तरुण मंडळाची अध्यक्ष झाली आहे. मंडळाने ठरवलं की एक संध्याकाळ अशी करायची, की म्हातारी माणसं तरुणांना आपली कामं शिकवतील आणि तरुण म्हाताऱ्यांना त्यांची. त्यासाठी पोरं घरोघर फिरली. तुम्हाला काय येतं, असं विचारत होती. आणि प्रत्येक दारात एकच उत्तर, आम्हाला कुठे काय येतं. कोणी म्हणे मी हेडक्लार्क होतो, कोणी म्हणे मी नर्स होते. काय होतो ते सगळ्यांना सांगता येत होतं, काय येतं ते एकालाही नाही. भोंगा रडकुंडीला येऊन माझ्याकडे बसली. मी म्हटलं, तू प्रश्नच चुकीचा विचारतेस. लोक तुमच्या दारात काय मागायला यायचे, ते विचार. झालं, घडाघडा उत्तरं यायला लागली. हेडक्लार्ककडे लोक अर्ज लिहून घ्यायला यायचे. नर्सबाईंकडे हट्टी मुलांना औषध पाजून घ्यायला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे सगळी गल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावून घ्यायची. पोरांनी सोबत दुसरा प्रश्नही विचारला, तुम्हाला काय शिकायचंय. पोस्टमनकाकांनी सांगितलं, लेकीला फोटो पाठवायला. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोचवली, आता स्वतःचा फोटो पोचत नाही.

मग भोंग्याने स्वागताचं भाषण लिहून आणलं आणि मला वाचून दाखवलं. ताई, काय सांगू तुला. आपण ज्येष्ठ म्हणजे आमचे दीपस्तंभ, अनुभवाचे महासागर, असं पानभर. मी म्हटलं, अगं, दीपस्तंभाला कोणी काही विचारत नाही. लोक लांबून बघतात आणि बाजूने निघून जातात. तिचा चेहरा पडला. पण पोरगी खमकी आहे, रुसली नाही. महासागर तेवढा काढला. दीपस्तंभ मात्र ठेवला, कारण तो तिला फार आवडला होता.

तिचं वाचणं ऐकताना मला आपलं खुर्च्या विणायचं दुकान आठवत होतं. पुढे खुर्च्यांची उतरंड, मागे पाण्याचा टब, त्यात भिजत पडलेला वेत आणि त्याचा तो ओला, गवतासारखा वास. बाबा कधी भाषण द्यायचे नाहीत. वेत भिजला का ते बोटाभोवती गुंडाळून बघ, चकचकीत बाजू वर ठेव, एवढंच बोलायचे. मी उभ्या, आडव्या आणि पुन्हा उभ्या पट्ट्या ओढायची, भोकाभोकात लाकडी खुंट्या ठोकून त्या ताणून धरायची. चौथी फेरी खालवर गुंफली की माझं काम संपलं. तिथून पुढे खुर्ची तुझ्याकडे. तिरक्या पट्ट्या आणि कडेची बांधणी कायम तुझी. मला तू ती कधी करू दिली नाहीस, आणि खरं सांगायचं तर मी मागितलीही नाही. तू करायचीस आणि मी शेजारी बसून बडबड करायची, अशी आपली वाटणी होती. फार सुखाची वाटणी होती ती.

असो. तर ती संध्याकाळ. मंडळाच्या हॉलमधलं टेबल टेनिसचं टेबल भिंतीला लावलेलं, मधे छोटी टेबलं मांडलेली, प्रत्येकावर त्या-त्या कामाचं सामान. इथपर्यंत सगळं छान. पण पोरांनी काय केलं, मान द्यायचा म्हणून आम्हा सगळ्यांना स्टेजवर ओळीने बसवलं, तोंडं समोर. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून, हात मांडीवर ठेवून बसलो. खाली पोरं, वर आम्ही, मधे माइक. भोंगा उठली, माइक किंचाळला, तिने ज्येष्ठहो म्हटलं आणि दीपस्तंभापर्यंत आली. तेवढ्यात आपले लोहारदादा, ज्यांना ऐकू कमी येतं आणि म्हणून जे कुजबुजतातही ओरडून, त्यांनी मला विचारलं की हा आपला सत्कार आहे की निरोपसमारंभ. सगळ्या हॉलने ऐकलं. कोणी हसलं नाही. नर्सबाईंनी मान खाली घातली. मला तुझं ते फोनवरचं वाक्य आठवलं, ताई. आम्ही सगळे त्या क्षणी तुझ्यासारखेच बसलो होतो.

मला वाटलं, भोंगा आता रडते लहानपणीसारखी. तिने कागद दुमडून खिशात टाकला आणि म्हणाली, आमचं चुकलं, तुम्हाला बघायला नाही बोलावलं, तुमच्याकडे मागायला बोलावलंय, खाली या. आणि स्वतः लोहारदादांची खुर्ची उचलून खाली नेली. मग सगळी पोरं धावली. माइक बंद केला. ती मधोमध उभी राहिली, लोहारदादांकडे तोंड करून, सावकाश आणि मोठ्याने बोलली. त्यांना ऐकू गेलं म्हणजे सगळ्यांना गेलं. नाव भोंगा ठेवलंस ते उगाच नाही.

तिचं भाषण तिथून सुरू झालं असं मी धरते. तिने एकेकाकडे बघून स्वागत केलं, पण हुद्द्याने नाही. हेडक्लार्कांना म्हणाली, माझ्या बाबांच्या नोकरीचा अर्ज तुम्ही लिहिला होता, आम्हाला साधा अर्ज चार ओळींत लिहिता येत नाही, तो शिकवा. न्हाव्याला म्हणाली, आमच्या घरातल्या सगळ्या सुऱ्या बोथट आहेत. स्वतःच्या मंडळाबद्दल सांगितलं की आमच्यातल्या बहुतेकांना शर्टाचं बटण लावता येत नाही, आणि हे सांगताना तिचं स्वतःचं एक बटण गायब होतं. मग नियम सांगितले. शिकवणाऱ्याने आपले हात मागे ठेवायचे, काम शिकणाऱ्याच्या हातात राहील. हे पोरांनाही लागू. फोन काकांच्याच हातात राहील, तुम्ही तो ओढून घेऊन पटपट करून दिलात की शिकवणं संपलं. सोपं आहे, असं कोणीही म्हणायचं नाही. घंटा वाजली की अदलाबदल, ज्याने शिकवलं त्याने शिकायचं. पाणी कुठे, बाथरूम कुठे, दमलात तर कुठे टेकायचं, तेही सांगितलं. बाबांसारखंच, कामापुरतं.

आणि शेवटी ती एका टेबलाजवळ गेली. तिथे एक खुर्ची होती, बसायची जागा फाटून गेलेली, नुसती चौकट आणि भोकं. म्हणाली, या हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या दोघी बहिणींनी विणल्या, त्यातल्या थोरल्या आज आलेल्या नाहीत, ही खुर्ची त्यांच्यासाठी ठेवली आहे, आठवण म्हणून नाही, कामासाठी. ताई, मला रडू आलं. चांगलं हमसून. पोस्टमनकाकांनी रुमाल दिला, तोही इस्त्रीचा.

मग काय, मीच पुढे झाले. भोंगा माझ्याकडे शिकायला बसली. वेत भिजवलेला तयार होता. मी हात मागे ठेवले, शपथ, अगदी पाठीमागे घट्ट बांधून ठेवले, नाहीतर राहवतं कुठे. उभ्या झाल्या, आडव्या झाल्या, पुन्हा उभ्या झाल्या, चौथी गुंफण झाली. त्या एका संध्याकाळी नाही गं, त्यानंतर रोज मला हॉलवर नेते ती. आणि मग तिने विचारलं, आता पुढे? आणि मी तिथेच थांबले. तू शेजारी बसून तिरक्या घालायचीस ते मी जन्मभर बघितलं, आणि मला ते येत नाही. पट्टी कुठे वरून घ्यायची, कुठे खालून, कोपऱ्यातल्या भोकात दोन कशा बसवायच्या, काही म्हणजे काही नाही. मी बोलण्यात गुंग होते ना. बरोबरची तिरकी सरकते, चुकीची अडते, हे बाबांचं वाक्य तेवढं आठवलं. तेही भोंग्याला सांगितलं, पण वाक्याने खुर्ची होत नाही.

मला ठाऊक आहे तू आता काय म्हणशील. डोळे गेले, आता कसली तिरकी. हे पत्रसुद्धा सूनबाई वाचून दाखवतेय, मग मी काय शिकवणार. मीही तेच म्हटलं भोंग्याला, की ताईला आता दिसत नाही. तर ती म्हणते, नियम तर तोच आहे ना, शिकवणाऱ्याने करायचं नाही. मग मला आठवलं, बाबा तू विणलेली खुर्ची कधी बघायचे नाहीत. डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवायचे. आणि माझी गुंफण तपासताना तूही तेच करायचीस, माझ्याशी भांडता भांडता, नजर भलतीकडे ठेवून. चूक असली की तुझं बोट बरोबर तिथे थांबायचं. किती राग यायचा मला त्या बोटाचा.

आता पुडकं उघड. तळहाताएवढी लाकडी चौकट आहे, भोकं पाडलेली. भोंग्याने त्यावर विणून बघितलंय, तिरक्यांसकट, स्वतःच्या अकलेने. त्यात कुठेतरी एक पट्टी चुकली आहे, कारण एक कोपरा अडतो. ती मान मोडेस्तोवर बघत बसली, मी चष्मा लावून बघितलं, आम्हा दोघींना काही सापडत नाही. फाटकी खुर्ची हॉलमध्ये चौथ्या फेरीवर तशीच आहे, खुंट्यांसकट, आणि मंडळात कोणी तिला हात लावत नाही. येत्या रविवारी वायरमनची गाडी घेऊन भोंगा तुला न्यायला येणार आहे. मी नको म्हटलं तरी येईल, तू नको म्हटलंस तरी येईल. त्याआधी एवढं कर, ताई. ती चौकट मांडीवर घे आणि हात फिरव. बोट कुठे थांबलं ते सूनबाईंना सांग, आणि त्यांनी मला फोनवर कळवावं. आम्ही दोघी तिथेच अडलो आहोत.

तुझीच,
बडबडी धाकटी