व्हॉल्व्हची हाक

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ नाही.

फुटलेली पाण्याची मोठी पाइपलाइन आपल्या तुकडीने जोडली, त्याचं बक्षीस काल मिळालं, हे कळलंच असेल. तुकडी सोडलीस, पण कान इथेच ठेवून गेलास.

भाषणाला दोन मिनिटं होती. आधी मी लिहून पाठ केलं. लेक म्हणाली, "आई, बातम्या देतेयस." मग 'मेहनती', 'निष्ठावान' असले शब्द काढून टाकले, ते कुणालाही बसतात. प्रत्येकाचं एकच काम सांगायचं, तेही त्याला विचारून. वाक्यं पाठ करायची नाहीत, फक्त क्रम ध्यानात ठेवायचा. क्रम आपलाच. खड्ड्यात उतरण्याआधी मी हाका मारते आणि जो तो उत्तर देतो, तोच.

विचारत फिरले. वेल्डर म्हणाला, "सांधा गळला तेव्हा मीच तो कापून परत जोडला, ते सांगा." पंपवालीने डिझेल संपल्यावर नवऱ्याच्या गाडीतलं काढलं होतं. "सांगा खुशाल, आता काय पंपाच्या पोटातून काढून घेणारेत?" व्हॉल्व्हवरची नवी मुलगी मात्र म्हणाली, "माझं काही नको." मला वाटलं, लाजतेय.

काल मंचावर आभारांनी सुरुवात केलीच नाही. खाली बघून हाक मारली, "पंप?" ती ताडकन उठली, "चालू!" मी डिझेलचं सांगितलं. सगळ्यात मोठ्याने तिचा नवराच हसला. "वेल्डर?" "तयार!" त्याचा गळका सांधा सांगितला.

"व्हॉल्व्ह?"

उत्तर नाही. मी थांबले. तुला माहीत आहे, ते उत्तर आल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. शेवटी मुलगी उठली.

"बंद. पण ते माझं काम नाही, ताई. तो जुना व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे दादांनी फोन करून सांगितलं. मी नेहमीसारखा फिरवला असता तर तुटलाच असता. तुम्हाला सांगू नकोस म्हणाले होते."

माझा क्रमच गेला. "तो माझा भाऊ आहे," एवढंच म्हटलं आणि खाली आले. आयोजकांचे आभार राहूनच गेले. नंतर लोक म्हणाले, किती उत्स्फूर्त बोललात! मी मान डोलावली.

प्रमुखपद मला मिळालं म्हणून तू गेलास. ते मी सोडणार नाही आणि त्याची माफीही मागणार नाही. फोन तिला केलास, मला नाही, याचा राग आहे. तुझी आठवण येते, हेही आहेच.

व्हॉल्व्हवरच्या मुलीला आता पंपावर जायचंय, तिने स्वतःच सांगितलं. सोमवारी सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर खोदायचंय. नेहमीसारख्या हाका मारीन. तिसऱ्या हाकेला थांबेन.

खड्ड्याच्या काठावर उभी,
तुझी धाकटी