माफी नको, पत्र हवं

दि. ३ फेब्रुवारी

प्रिय टाचणी हिस,

स. न. वि. वि.

पत्र बघून तुला धक्का बसेल. दहा वर्षं झाली, कोणत्या तोंडाने लिहू? माझं चुकलं, फार चुकलं. तुझे यजमान गेल्याचं चार वर्षांपूर्वी माझ्या दादाकडून कळलं, तेव्हाही मी पेन उचललं नाही. चष्म्याच्या दुकानातला रगाडा, सासूबाईंचं दुखणं, धाकटीची शाळा... सबबी सांगत नाही, पण दिवस निघून गेले. मग लाज वाटायला लागली आणि लाजेपायी आणखी दिवस गेले. मी मैत्रीण म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही. एकदा 'माफ केलं' एवढं कळव, म्हणजे मला चैन पडेल. उत्तर नक्की दे.

तुझी अपराधी,
घुबड

दि. ११ फेब्रुवारी

घुबडे,

स. न. वि. वि. कोणाला? मी काय नगरपालिकेचं पाणीखातं आहे?

तुझं पत्र हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, वाफेत उभं राहून वाचलं. चादरींची गाडी अशी आपटली की इस्त्रीवाल्या मावशी घाबरून विचारायला आल्या. मी म्हटलं, शाळेतल्या मैत्रिणीचं पत्र आलंय. त्या म्हणाल्या, मग शत्रूचं आल्यावर काय करतेस?

अगं, पानभर तूच आहेस! माझ्याबद्दल एक वाक्य, ते नवऱ्याच्या मरणाचं, आणि तेही तुझ्या चुकीचा दाखला म्हणून. आता मी तुला थोपटत बसू? माफी मागून वर 'नक्की उत्तर दे' म्हणणं म्हणजे मान धरून 'हो' वदवून घेणं. मी नाही म्हणणार 'माफ केलं'. जा!

आणि दहा वर्षं गप्प तू एकटीच होतीस? माझे हात काय बांधले होते? त्यातली निम्मी शांतता माझी आहे, सगळी आपल्या नावावर करून घेऊ नकोस.

लिहायचंच असेल तर सरळ लिही. मी आता कशी काय आठवले ते सांग. दोन ओळींत उत्तर देता येईल असं काहीतरी विचार. ते जमत नसेल तर पोस्टाला त्रास देऊ नकोस.

टाचणी (अजून टोचते)

दि. २० फेब्रुवारी

टाचणी,

तुझं पत्र वाचून इतका संताप आला की हातातलं भिंग जास्त घासलं गेलं आणि तडकलं. दोन दिवस मनातल्या मनात तुला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या पत्रातलं काय काय आठवलं आणि स्वतःचाच राग आला. असो.

गेल्या महिन्यात एक पोर पहिला चष्मा न्यायला आली. लावल्याबरोबर रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत सुटली. मला माझा पहिला चष्मा आठवला. वर्ग हसला तेव्हा तू उठून बाईंना म्हणालीस की ह्यांना गणित फार सोपं वाटतंय, एकेकाला फळ्याशी बोलवा. म्हणून लिहावंसं वाटलं, एवढंच.

तुझे यजमान मला एकदाच भेटले. सायकलची साखळी बसवत होते, दोन्ही हात काळे. हात मिळवता येईना म्हणून त्यांनी कोपर पुढे केलं आणि स्वतःच खो खो हसले. ते गेले याचं फार वाईट वाटलं.

इकडे दुकान आता मीच चालवते. धाकटी म्हणते की मी घोरते. मी मानत नाही.

एकच विचारते, अजून शिट्टी वाजवतेस का? सवड झाली तर कळव. नाही झाली तरी पुढच्या महिन्यात मी लिहीनच, मला लिहायचंय म्हणून.

घुबड

दि. २८ फेब्रुवारी

घुबडे,

वाजवते. पुढचा दात पडलाय, त्यामुळे सूर भलतीकडेच जातो.

राग गेलेला नाही, वाढलाय. कोपराचं वाचून धुतलेल्या चादरीत तोंड खुपसून रडले, चादर परत धुवायला टाकावी लागली. चार वर्षं जो येतो तो 'देवमाणूस होता' म्हणतो आणि चहा पिऊन जातो. मला माहीत नसलेली त्यांची गोष्ट आजवर एकानेही सांगितली नव्हती. इतके दिवस ती एकटीच घेऊन बसलीस, याचाही राग आलाय.

आता माझं ऐक. तीन वर्षांपूर्वी स्टेशनच्या जिन्यावर तू दिसली होतीस. दोन्ही हातांत जड पिशव्या, चष्मा नाकावर घसरलेला. मी पेपरवाल्याच्या टपरीमागे लपले आणि तू दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले. माफी मागत नाहीये. तूही 'असू दे गं' म्हणायचं नाहीस.

गुरुवारी मला सुट्टी असते. चारनंतर फोन कर, नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. पहिली पाच मिनिटं मी ओरडणार आहे. ठेवून देऊ नकोस.

तुझीच,
टाचणी