पहिलं घर कोणाचं उतरलं

बाबा, तुमच्यावर कादंबरी लिहिली आहे. तुमच्यावर आणि आपल्या धरणात गेलेल्या गावावर. आता साकोलीला घरी बसून शेवटचा हात फिरवते आहे आणि अडकले आहे ती अगदी पहिल्या पानांपाशी, पहिल्या प्रकरणाच्याही आधी.

तुम्ही असतात तर ती पानं फाड म्हणाला असतात. धान निघाल्यावर गावात नाटक व्हायचं, तुम्ही शाळामास्तर आणि नाटकाचे लेखकही. एका वर्षी मला पडद्यापुढं उभं राहून दोन शब्द बोलायला सांगितलं होतं आणि मी उत्साहात नाटकातली सून शेवटी घर सोडून जाते हेही सांगून टाकलं. तुम्ही विंगेत माझा दंड धरलात. "काहून सांगितलं वो? आता लोकं पाहून कायले राहतील?" पुढच्या वर्षीपासून तुम्ही आधी बोलणंच बंद केलंत. पडदा वर, की नाटक सुरू.

मी मात्र सुरुवातीला एक प्रास्ताविक लिहिलं. धरण भरल्यावर बऱ्याच वर्षांनी एक मुलगी डोंग्यात बसून बुडालेल्या गावावरून जाते. डोंगा चालवणारा ढिवर, तिथं मासे धरणारा कोळी, एका जागी थांबतो आणि म्हणतो, "ह्या घरचा मास्तर सगळ्यात पयले गेला." ते वाक्य मला फार आवडलं होतं. तुमसरच्या राइस मिलमध्ये नोकरी करणारा आपला धाकटा, त्याला मी ती पानं वाचायला दिली. वाचून त्यानं ती माझ्याकडे परत सरकवली.

"ताई, पयल्याच पानावर सांगून टाकलं तू. आता वाचणारा पुस्तकभर बाबाले त्याच नजरेनं पाहीन. गावानं पाहिलं तसं."

मला तो दिवस आठवला. सगळं गाव हटून बसलेलं, मोबदल्याचं पूर्ण ठरल्याशिवाय कोणी हलायचं नाही असं मारुतीच्या पारावर ठरलेलं. आणि सकाळी तुम्ही गाव सोडायला शिडी लावून आपल्या घराचे कवेलू, छपराची कौलं, उतरवता आहात. आई खाली उभी राहून एकेक झेलते आहे. समोरच्या काकानं रस्त्यावर थुंकून दार लावून घेतलं. तुम्ही हात थांबवला नाहीत. नव्या वसाहतीतसुद्धा काही घरांनी तुम्हाला लग्नाची पत्रिका दिली नाही, तुमच्या मयतीलाही ती घरं आली नाहीत. धाकट्याचं बरोबर होतं. पारावरच्या बैठका, शाळेची गळणारी भिंत, दर पावसाळ्यात वर सरकणारं पाणी, हे सगळं तुमच्यासोबत भोगून वाचक त्या शिडीपाशी यायला हवा. आधी निकाल कळला, तर तो फक्त पुरावे गोळा करत बसेल.

म्हणून मी प्रास्ताविकच काढून टाकलं. मग मी शिकवते त्या शाळेतल्या एका सहकारी बाईंना कादंबरी दिली, त्या कोल्हापूरकडच्या. चार प्रकरणं वाचून त्या म्हणाल्या, "छान आहे, पण विहीर बांधायची की नाही यावर एवढं भांडण का, ते कळेना." त्यांना गाव बुडणार आहे हे माहीत नव्हतं. आपल्याकडच्या कोणालाही ते सांगावं लागलं नसतं. पहिल्या प्रकरणात ते घालता येईना, कारण तेव्हा गावातल्या कोणाचाच त्यावर विश्वास नव्हता. गावाला ठाऊक नसलेली, पण वाचकाला हवीच अशी तेवढी एक गोष्ट होती. तिला बाहेरूनच यावं लागणार होतं.

मी ती पानं परत घेतली आणि पाणी तेवढं ठेवलं. मुलगी काढली, मास्तर काढला. आता एकटा ढिवर आहे, आणि डोंग्यात त्याचा नवखा जावई. जावई जाळं टाकायला उठतो. "अठी नोको टाकू," ढिवर म्हणतो, "शाळेच्या भिंतीत अटकते." डोंगा पुढे जातो. दीड पान, बस. मग पहिलं प्रकरण, विहिरीचं भांडण. बाईंना पुन्हा वाचायला दिलं, तर विहिरीपाशी त्यांचे डोळे भरून आले. गाव जाणार हे सांगितलं तरी काही बिघडलं नाही. कोण आधी गेलं आणि का, ते मात्र शिडीच्या प्रकरणापर्यंत राखलं. ढिवराचं ते मला आवडलेलं वाक्य त्या प्रकरणानंतर ठेवलं आहे. तिथं ते शिवीसारखं वाटत नाही.

धाकट्यानं परवा पूर्ण वाचली. शिडीवरून तुम्ही आईला म्हणता, "कोणी तरी पयले निघाले पायजे न. नायतर पाणी येईस्तोवर सारे एकमेकाचं तोंड पायत बसतीन." ते वाचून त्यानं फोन केला. आवाज ओला होता. "हे बाबानं तुले सांगितलं होतं का वो ताई?"

तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नव्हतात, बाबा. नंतरही कधी नाही. मी त्याला हो म्हटलं.