अकरा चकवे आणि एक खून

२ मार्च, रविवार
कादंबरी पूर्ण. साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळचं गेस्ट हाउस, मालक कॅप्टन राणे. कोणीतरी त्यांच्या खोकल्याच्या औषधात विष मिसळतं. संशयित बारा, खुनी एक. मराठीत असं काही झालेलं नाही. निदान लंडनजवळच्या आमच्या वॉटफर्डमध्ये तरी नाही.

ईलिंगच्या वाचक मंडळाशी ठरलं. १८ मेपर्यंत सगळे वाचणार, शेवटचं प्रकरण सोडून. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं. एकालाही ओळखता आलं नाही तर मंडळ पुस्तक छापणार.

ऑफिसात फोर-डे वीकसाठी अर्ज केला. लेखकाला शुक्रवार मोकळा लागतो.

४ मार्च
देविकाने वाचायला घेतली. बायको म्हणून नव्हे, वाचक म्हणून वाच, असं बजावलं. ती म्हणाली, वाचक असते तर आधी चहा प्यायले असते.

५ मार्च
देविकाने एकतिसाव्या पानावर खुनी ओळखला. सुनीती, वरच्या मजल्यावरची शांत भाडेकरू. कसं, विचारलं. म्हणाली, "अकरा जणांकडे तू सुरी, दोरी नाहीतर विषाची बाटली दिलीस. एकटी सुनीती सगळ्यांना चहा करून देते. दुसरं कोण असणार?"

योगायोग. देविका मुळात संशयी आहे.

९ मार्च
तरी खबरदारी म्हणून कस्तुरीताईंना फोन केला. ईलिंगच्या मंडळातल्या सर्वांत जुन्या वाचक, वय चौऱ्याहत्तर, आयुष्यभर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये नोकरी. खुन्यासकट सगळं कथानक सांगितलं आणि म्हटलं, माझे रेड हेरिंग, म्हणजे वाचकाला दिलेले चकवे, जरा जास्तच प्रभावी झालेत.

त्या म्हणाल्या, "अहो गिरीश, सगळेच संशयास्पद असले की कोणीच संशयास्पद राहत नाही. मग वाचक पुरावे बघत नाही, लेखकाकडे बघतो. हा कोणाला लपवतोय, एवढंच शोधतो. तीन चकवे ठेवा. आणि सुनीतीवरही थोडा संशय येऊ द्या."

लिहून घेतलं. हे मला माहीत होतंच.

१६ मार्च
आठ संशयित काढले. पैकी जुळ्या शेफचं वाईट वाटलं. उरले चार: सुनीती, भाचा राज, स्वयंपाकीण शिल्पा, आणि भाडेकरू हरीश, जो डाव्या हातात सतत हातमोजा घालतो. हातमोजा का, ते अजून ठरलेलं नाही. पण वातावरण छान होतं.

२३ मार्च
ताईंचा पुन्हा फोन. चकव्याला स्वतःचं खरं कारण हवं, म्हणाल्या. राजच्या बुटांना चिखल, आणि त्या दिवशी कुठे होता यावर तो खोटं बोलतो. ठीक. पण खुनी नसेल तर खोटं का बोलला? "त्याच्याकडे वेगळं गुपित असायला हवं. ते कळल्यावर वाचकाने म्हटलं पाहिजे, असं होय. फसवलं, असं नाही. लेखकाने खोटं बोलायचं नाही. खरं तेच दाखवायचं, वाचकाला चुकीचा अर्थ लावू द्यायचा."

दुपारभर विचार. राज ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पाचव्यांदा नापास झाला होता. गाडी कडेच्या चिखलात रुतली. घरी सांगायची लाज.

प्रतिभा म्हणतात ती हीच.

५ एप्रिल
राजला पाचव्या प्रकरणात निर्दोष सोडलं. मी सगळे चकवे शेवटच्या पानावर एकदम सोडवणार होतो. ताई म्हणाल्या, मग ती कादंबरी राहत नाही, खुलाशांची यादी होते. एक सोडवायचा, म्हणजे संशय दुसऱ्यावर सरकतो आणि वाचकाचा आपल्यावर विश्वासही बसतो.

शिल्पा मागच्या बागेत काहीतरी पुरते. सहाव्या प्रकरणात उकरतात. निघते कॅप्टनची फुटलेली लाडकी किटली.

१२ एप्रिल
आजचा धडा सर्वांत मोठा. एक चकवा सुटला की वाचक निःश्वास टाकतो, सैल होतो. खरा दुवा तिथेच ठेवायचा. म्हणून किटलीवर सगळे हसत असताना सुनीती औषधाच्या बाटलीवरची बारीक सूचना वाचून दाखवते. चष्म्याशिवाय. आणि पहिल्या प्रकरणात तिने सांगितलंय की चष्म्याशिवाय तिला औषधाचं नावही वाचता येत नाही, म्हणून ती कॅप्टनच्या बाटलीला हात लावत नाही.

दोन ओळी. दोन्ही उघड्यावर. खुनी बदललाय असं सांगून देविकाला पुन्हा दिलं. तिला राजचा संशय आला, मग शिल्पाचा, आणि आता हरीशचा येतोय. म्हणाली, बरं झालंय. तिच्या तोंडून हा शब्द मी लग्नानंतर दुसऱ्यांदा ऐकला.

२७ एप्रिल
फोर-डे वीक मंजूर. पाच दिवसांचं काम चार दिवसांत करायचं आहे. किरकोळ.

१० मे
उद्या प्रत पाठवायची. सुनीतीच्या चष्म्याशिवाय वाचण्याची ओळ फार ठळक वाटतेय. बारा वाचक आहेत, एखाद्याच्या नजरेला पडलीच तर?

काढली. दुवा सूक्ष्म हवा. नसणं हे सूक्ष्मतेचं टोक.

हरीशच्या हातमोज्याचं कारण द्यायचं राहिलं. वाचक विसरतील.

१८ मे, रविवार. दुपारी
ईलिंग. बारा चिठ्ठ्या. सुनीतीचं नाव एकीवरही नाही. मी उठून किंचित वाकलो. बाराही चिठ्ठ्यांवर, खुनी माहीत असलेल्या ताईंच्याही, हरीश होता, तेव्हा मी मनात म्हटलं, सगळे एका जाळ्यात.

मग शेवटचं प्रकरण वाचलं. चष्म्याचा खुलासा आला तशा सगळ्यांच्या माना वर झाल्या. एकाने विचारलं, ती चष्म्याशिवाय कधी वाचते? पानं उलटली गेली. मी म्हटलं, ते सूचित आहे. कुठल्या पानावर सूचित आहे, त्याने विचारलं. मी पाणी प्यायलो.

कस्तुरीताई वहीतून वाचू लागल्या. दुसरं प्रकरण: हरीशच्या डाव्या हातात हातमोजा. चौथं: बाटलीचं बूच गळकं, औषधाचा जांभळा डाग कातडीवरून आठवडाभर जात नाही. (हे मी वातावरणासाठी लिहिलं होतं.) सातवं: कॅप्टनच्या खोलीत कधी गेलोच नाही म्हणणारा हरीश पोलिसांना सांगतो की औषध जांभळं होतं. (तिथे मला विशेषण हवं होतं.)

"राज सुटला, शिल्पा सुटली. हरीशला तुम्ही सोडवलंच नाही," ताई म्हणाल्या. "न सोडवलेला चकवा चकवा राहत नाही हो. पुरावा होतो."

मी म्हटलं, पण खुनी सुनीती आहे, मी लेखक आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं की पुस्तकात तसं कुठे दिसत नाही.

मतदान झालं. पुस्तक छापायचं, पण शेवट ताईंचा. बारा विरुद्ध एक. देविका प्रेक्षक म्हणून आली होती. तिनेही हात वर केला, तिला मताचा अधिकार नव्हता तरी.

२० मे
तत्त्वाचा प्रश्न आहे. परवानगी देणार नाही.

२१ मे
परवानगी दिली. मुखपृष्ठावर माझं नाव मोठ्या अक्षरात हवं, अशी अट घातली.

८ जून, रविवार
ईलिंगला जाऊन ताईंचं प्रकरण आणलं. फक्त शुद्धलेखन तपासायचं ठरवलं होतं. हॅरोला गाडी बदलायची होती, प्लॅटफॉर्मवर बसून पहिलं पान काढलं. वॉटफर्डची गाडी आली, गेली. दुसरी गेली. हरीशने हातमोजा काढला ते पान मी दोनदा वाचलं. हा माणूस वर्षभर माझ्याबरोबर राहिला, मी त्याला कपडे दिले, संवाद दिले, आणि मला एकदाही शंका आली नाही.

तिसरी गाडीही सोडली. चुका तपासायच्या राहिल्या.